ऑफर लेटरमधले शनिवार

पत्र साडेचार पानांचं होतं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आकडा होता: वर्षाला १४ लाख रुपये निश्चित पगार. सध्याच्या नोकरीत तिला १२ लाख मिळत होते. वाढ जवळपास १७ टक्क्यांची. घरात पेढे आले, साताऱ्याला फोन गेला, आणि कन्सल्टन्सीच्या मुलाचा दुपारी निरोप आला, ‘मॅडम, आज संध्याकाळपर्यंत अ‍ॅक्सेप्टन्सचा मेल टाकून द्या, म्हणजे माझ्याकडून क्लोज होईल.’

ही अभियंता वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्तेचं काम करते. आठ वर्षांचा अनुभव. आतापर्यंत पुण्यातल्या एका तांत्रिक केंद्रात होती. ऑफर चाकणच्या एका कारखान्याची होती, पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता सांभाळण्यासाठी. तिच्या विनंतीवरून तिचं आणि दोन्ही कंपन्यांची नावं गाळली आहेत. पण तिच्या पत्रातली कलमं आणि पुढच्या आठ-दहा दिवसांतली बोलणी इथे तपशिलात दिली आहेत. मनुष्यबळ विभागात वर्षानुवर्षं काम केल्यावर मला एक गोष्ट ठाम सांगावीशी वाटते. पगाराचा आकडा सोडून बाकीच्या ज्या गोष्टींना आपण ‘किरकोळ’ म्हणतो, त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. रजा, पदनाम आणि प्रशिक्षण हे तीन वेगळे विषय समजून मागितले, तर एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. तिच्या बाबतीत ते जवळजवळ झालंच होतं.

तिने मेल लगेच टाकला नाही. आधी वही काढून दिवस मोजले.

पत्रात ‘वार्षिक रजा २४’ असं लिहिलं होतं. जुन्या नोकरीत १८ होत्या. म्हणजे सहा जास्त, असंच कोणालाही वाटेल. पण जुन्या ठिकाणी आठवडा पाच दिवसांचा होता, आणि नव्या ठिकाणी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. पत्रात याचा उल्लेख एका ओळीत होता, तोही ‘कारखान्याच्या वेळापत्रकानुसार’ असा. मुलाखतीत तिने विचारलं म्हणून कळलं.

आता हिशेब. जुन्या नोकरीत वर्षाचे ५२ आठवडे गुणिले पाच, म्हणजे २६० दिवस. त्यातून दहा सणांच्या सुट्ट्या आणि १८ रजा वजा केल्या की प्रत्यक्ष कामाचे दिवस उरतात २३२. नव्या नोकरीत वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार आणि २४ शनिवार वजा केले की २८९. दहा सुट्ट्या आणि २४ रजा काढल्या की २५५. म्हणजे रजा सहा वाढल्या आणि कामाचे दिवस २३ वाढले. जुना पगार कामाच्या दिवसाला सुमारे ५,१७० रुपये पडत होता, नवा सुमारे ५,४९० पडणार होता. १७ टक्क्यांची वाढ दिवसाच्या भावात सहा टक्क्यांवर आली.

ही वजाबाकी मी प्रत्येकाला करायला लावते, कारण रजेचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. साप्ताहिक सुट्टी, सणांच्या सुट्ट्या आणि रजा हे तिन्ही एकत्र मांडल्याशिवाय दोन नोकऱ्यांची तुलना होत नाही. आणि रोख भरपाईची आशा धरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. न घेतलेल्या रजेचे पैसे बहुतेक कंपन्या मूळ पगारावर देतात. तिचा मूळ पगार निम्मा, म्हणजे वर्षाला सात लाख, महिन्याला ५८,३३३. तीसने भागलं तर दिवसाचे १,९४४ रुपये. घेतलेली रजा साडेपाच हजारांची, विकलेली रजा दोन हजारांच्या आतली. म्हणून रजा मागताना ‘किती दिवस’ इतकंच महत्त्वाचं असतं ‘घेता कधी येतील’.

तिच्या पत्रात २४ पैकी नऊ किरकोळ रजा होत्या. त्या वर्षअखेरीला बुडणाऱ्या. उरलेल्या १५ हक्काच्या रजा, पण सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये त्या फक्त जमा होणार, वापरता येणार नाहीत. धाकट्या बहिणीचं लग्न तर रुजू झाल्यावर सहा आठवड्यांनी होतं.

इथे कायदा काय म्हणतो, असा प्रश्न लोक लगेच विचारतात. महाराष्ट्रात कार्यालयं आणि दुकानांना लागू असलेला २०१७ चा कायदा वर्षाला आठ किरकोळ रजा, २४० दिवस काम केलेल्यांना दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा, ४५ दिवसांपर्यंत साठवण आणि आठ सणांच्या पगारी सुट्ट्या देतो. कारखान्यांचं गणित वेगळं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये २४० ऐवजी १८० दिवस काम पुरेसं आहे. पण ही तरतूद आहे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर राहतात. पत्रावर पदनाम काय छापलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्ष करतो काय, हे न्यायालयं बघतात. आमच्या अभियंतेच्या हाताखाली चार इन्स्पेक्टर येणार होते, त्यांची पाळी आणि रजा तीच मंजूर करणार होती. म्हणजे कायद्याचं छप्पर तिच्या डोक्यावर असेलच याची खात्री नव्हती. पत्रात जे लिहिलं जाईल, त्यावरच तिची मदार होती.

याला एक मोठा अपवाद सांगायलाच हवा. मातृत्व रजेचा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, आणि तो पदनामावर अवलंबून नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत अजूनही ‘एक वर्ष सेवा पूर्ण असल्यास’ असं छापलेलं दिसतं. ते कायद्यापुढे टिकत नाही. हा विषय बोलणीत मागायचा नसतो. फक्त रुजू होण्याची तारीख ठरवताना ८० दिवसांचं गणित आपल्या मनात असावं.

आता बोलणी. कन्सल्टन्सीच्या मुलाशी तिने वाद घातला नाही. त्याचं कमिशन वार्षिक पगाराच्या टक्क्यांत असतं आणि उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतं. त्याला घाई असणारच, आणि रजा-पदनाम बदलण्याचा अधिकार त्याला नसतोच. तो अधिकार कंपनीच्या भरती विभागातल्या व्यक्तीलाही क्वचितच असतो. पगार त्या श्रेणीच्या पट्ट्यात बसवावा लागतो, आणि पट्ट्याबाहेर जायला वरच्या सह्या लागतात. रजेचं धोरण सगळ्या कारखान्याला एक असतं, ते एकीसाठी बदलत नाही. पदनाम विभागाच्या रचनेतून येतं. प्रशिक्षणाचा पैसा मात्र विभागप्रमुखाच्या वार्षिक अंदाजपत्रकात असतो, आणि तो कुठे खर्च करायचा हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. ज्याने मुलाखत घेतली आणि ज्याला माणूस लवकर हवा आहे, तोही तोच. त्यामुळे तिने भरती विभागाला कळवून गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांशी अर्ध्या तासाची वेळ मागितली. भरती विभागाला वगळून थेट विभागप्रमुखाला फोन करण्याची चूक बरेच जण करतात. तिथून पुढे प्रत्येक कागद अडतो.

भेटीआधी तिने एकच मेल पाठवला. त्यात तिच्या सगळ्या मागण्या एकदम होत्या, महत्त्वाच्या क्रमाने. लग्नासाठी सहा दिवस. शनिवारांबद्दल काहीतरी सवलत. व्हीडीए ६.३ चं प्रशिक्षण. आणि ‘सीनिअर इंजिनिअर’ ऐवजी ‘डेप्युटी मॅनेजर’ हे पदनाम. आज एक, परवा दुसरी, मग ‘अजून एक विचारायचं राहिलं’ असं झालं की समोरच्याला वाटतं ही यादी संपणारच नाही, आणि तिसऱ्या मागणीला उत्तर येणं थांबतं.

लग्नाचे सहा दिवस दोन मिनिटांत मिळाले. पुढे जमा होणाऱ्या रजेतून ते आगाऊ द्यायचे, असं ठरलं. रुजू होण्याआधी ठरलेल्या कार्यक्रमासाठीची रजा ही मागण्यांमधली सगळ्यात सोपी गोष्ट. कोणताही प्रमुख तिला नाही म्हणत नाही, कारण त्याला तारीख आधी कळते. रुजू झाल्यावर पंधरा दिवसांनी तीच रजा मागितली तर कपाळावर आठी येते.

शनिवारांवर प्रमुख हसले. ‘मॅडम, लाइन चालू असते. तुम्हाला एकटीला पाच दिवसांचा आठवडा दिला तर माझा अख्खा विभाग उद्या माझ्या केबिनमध्ये असेल.’ हे खरंच आहे. समानतेचा हा मुद्दा ढाल म्हणून वापरला जातो, पण बहुतेक वेळा तो खरा असतो. तेव्हा तिने मागणी बदलली. पुरवठादारांचं ऑडिट म्हणजे छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, होसूर असा प्रवास. सोमवारी सकाळी नऊला ऑडिट असेल तर रविवारी दुपारी निघावं लागतं. त्या रविवारांचं काय? प्रमुखांनी सांगितलं, सुट्टीच्या दिवशीचं काम किंवा प्रवास झाला की बदली रजा मिळते, सगळे तिला कॉम्प-ऑफ म्हणतात, आणि ती साठ दिवसांत घ्यायची. शिवाय महिन्यातला एक कामाचा शनिवार तिने घरून अहवाल लिहिण्यात घालवला तर त्यांची हरकत नव्हती. मागच्या वर्षीच्या ऑडिटच्या यादीवरून अंदाज काढला तर वर्षाला दहा-बारा कॉम्प-ऑफ होत होते. तेवीस दिवसांच्या खड्ड्यातला जवळपास निम्मा भाग इथे भरून निघत होता.

मग पदनामाचा विषय आला, आणि इथेच ती फसता फसता वाचली.

कारखान्यात पदनामाच्या मागे एक श्रेणी असते. बाहेरच्या जगाला दिसतं ‘सीनिअर इंजिनिअर’ किंवा ‘डेप्युटी मॅनेजर’, पण कंपनीच्या संगणकात असतं ई-४, एम-१ असं काहीतरी. मेडिक्लेमची रक्कम, प्रवासाचा वर्ग, बोनसचा प्रकार, नोटीस पीरियड हे सगळं श्रेणीला जोडलेलं असतं, पदनामाला नाही. भरती विभागाने दुसऱ्या दिवशी आनंदाने कळवलं, ‘मॅडम, डेप्युटी मॅनेजर मंजूर झालं. पगारात बदल नाही, पण एम-१ देतोय.’ तिला इतकं सहज मिळाल्याचं आश्चर्य वाटलं. मला फोन आला तेव्हा मी एकच विचारलं, एम-१ चं रजेचं आणि नोटीसचं पान मागवलंस का?

ते पान आलं. एम-१ आणि त्यावरच्या श्रेणींना कॉम्प-ऑफ लागू नव्हता. नोटीस पीरियड ६० दिवसांचा ९० होत होता. मेडिक्लेमची रक्कम दोन लाखांनी वाढत होती, तेवढाच फायदा. म्हणजे पदनामाच्या बदल्यात वर्षाचे दहा-बारा दिवस जाणार आणि पुढची नोकरी शोधताना आणखी एक महिना बांधलेला राहणार. गुणवत्तेच्या कामात माणूस तातडीने हवा असतो. ९० दिवसांची नोटीस ऐकली की कित्येक कंपन्या पुढच्या उमेदवाराकडे वळतात. यात कोणाचा कट नव्हता. ज्याने एम-१ मंजूर केलं त्याने कॉम्प-ऑफचं कलम बहुधा वाचलंही नव्हतं. पण पगार न वाढवता द्यायला कंपन्यांना पदनाम फार सोयीचं पडतं, हे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तिला मुळात पदनाम हवं होतं ते कशासाठी? दोन-तीन वर्षांनी बायोडेटा वाचणाऱ्याला कळावं की ती पुरवठादारांची गुणवत्ता स्वतः चालवते. ‘सीनिअर इंजिनिअर’मधून ते कळत नव्हतं. पण खरं तर ‘डेप्युटी मॅनेजर’मधूनही कळत नव्हतं. मग तिने श्रेणी ई-४ च ठेवून पदनाम मागितलं ‘लीड – सप्लायर क्वालिटी’. विभागात नऊ वर्षांच्या अनुभवाचे तीन सीनिअर इंजिनिअर होते, त्यांनाही याचा त्रास होण्याचं कारण नव्हतं, कारण श्रेणी बदलत नव्हती. प्रमुखांनी होकार दिला. तिने एक आग्रह धरला: हे पदनाम नेमणूक पत्रावर आणि कंपनीच्या नोंदीत यायला हवं, फक्त व्हिजिटिंग कार्डवर नको. नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रावर नोंदीतलं पदनाम छापून येतं. पुढच्या कंपनीची पडताळणी करणारी एजन्सी तेच विचारते. बायोडेटावर ‘लीड’ आणि अनुभवपत्रावर ‘सीनिअर इंजिनिअर’ असं निघालं, तर प्रामाणिक माणसालाही खुलासे देत बसावं लागतं, आणि काही ठिकाणी हातची ऑफर जाते.

राहिलं प्रशिक्षण. व्हीडीए म्हणजे जर्मन वाहन उद्योगाची संघटना, आणि ६.३ हे तिचं प्रक्रिया-ऑडिटचं मानक. जर्मन गाडी उत्पादकांना माल पुरवायचा तर त्याप्रमाणे ऑडिट करणारी, परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसं घरात लागतात. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, त्यामुळे या भागात त्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत आहे. कंपनीलाही अशी व्यक्ती हवीच होती. तिथे भांडणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता अटींचा.

भरती विभागाने पाठवलेला मजकूर असा होता: कंपनी प्रशिक्षणाचा खर्च करेल, उमेदवाराने त्यानंतर दोन वर्षं सेवा द्यावी, अन्यथा प्रशिक्षणाचा संपूर्ण खर्च वसूल केला जाईल. याला सगळे बॉण्ड म्हणतात, आणि ‘बॉण्डला कायद्यात किंमत नाही’ असं कट्ट्यावर छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. अशी अट नोकरी चालू असतानाच्या काळापुरती आहे, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला ती मनाई करत नाही, त्यामुळे करार कायद्याच्या २७ व्या कलमाचा भंग होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं आणि नव्या भरतीचा खर्च हा त्यातला एक मुद्दा होता. त्याच कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की कराराचा भंग झाला तर करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. म्हणजे खासगी कंपनीने फुगवलेला आकडा न्यायालयात जसाच्या तसा मिळेल असं नाही. पण एवढ्यासाठी न्यायालयात कोण जातं? अनुभवपत्र आणि शेवटचा हिशेब कंपनीच्या हातात असतो, आणि माणूस पैसे भरून मोकळा होतो. त्यामुळे भाषा सहीच्या आधीच नीट करून घ्यावी लागते.

तिने चार ठिकाणी बदल सुचवले. ‘संपूर्ण खर्च’ ऐवजी प्रशिक्षण संस्थेच्या बिलाची प्रत्यक्ष रक्कम. कारण काही कंपन्या त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार, हॉटेल आणि जेवणही धरतात. वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. तिच्या कोर्सचा कंपनीने दिलेला अंदाज ९० हजारांचा होता. दोन वर्षांची अट आणि पंधराव्या महिन्यानंतर राजीनामा, तर उरलेल्या नऊ महिन्यांचे ३३,७५० रुपये. मूळ मजकुराप्रमाणे तेविसाव्या महिन्यातही पूर्ण ९० हजार भरावे लागले असते. तिसरा बदल, दोन वर्षं मोजायची ती परीक्षेच्या दिवसापासून, पुनर्परीक्षा द्यावी लागली तरी पहिल्या परीक्षेपासून. आणि चौथा, कंपनीने स्वतः कामावरून कमी केलं तर वसुली नाही. हा चौथा मुद्दा मूळ मजकुरात नव्हता हे वाचून प्रमुख स्वतःच म्हणाले, ‘हे तर असायलाच पाहिजे होतं.’ तिसरा मुद्दा मात्र मान्य झाला नाही. घड्याळ प्रमाणपत्र मिळाल्यापासून सुरू होईल, असंच राहिलं.

कंपनीने प्रशिक्षणाचं वर्ष लिहून द्यायलाही नकार दिला. ‘अंदाजपत्रकानुसार’ हे शब्द त्यांना हवे होते. तिने मधला मार्ग सुचवला: रुजू झाल्यापासून बारा महिन्यांत नामांकन झालं नाही, तर तिने स्वतः कोर्स केल्यावर बिल परत मिळेल, आणि परीक्षेचे दिवस कामाचे धरले जातील. हे मान्य झालं.

एवढं सगळं मेलवर मान्य झालं म्हणजे काम संपलं, असं नाही. नेमणूक पत्राच्या शेवटी बहुतेक वेळा एक कलम असतं: हे पत्र म्हणजे दोघांमधला संपूर्ण करार आहे, यापूर्वीची तोंडी किंवा लेखी बोलणी रद्द समजावीत. ऑफर लेटर, मध्यंतरीचे मेल, प्रमुखांचे शब्द हे सगळं त्या एका कलमाने पुसलं जाऊ शकतं. आणि ‘रजा कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणानुसार’ हे वाक्य दुसऱ्या बाजूने तेच करतं. तिने म्हणून परिशिष्ट मागितलं. एक पान, पाच ओळी, पत्राचा भाग असल्याचा उल्लेख, आणि त्यावर मनुष्यबळ प्रमुखांची सही. जुन्या कंपनीत राजीनामा तिने ते पान हातात आल्यावर दिला. कन्सल्टन्सीच्या मुलाने तोपर्यंत सतरा फोन केले असतील. तोही शेवटी खूश होता.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. कॅम्पसमधून शेकड्याने होणाऱ्या भरतीत पत्र छापील असतं, तिथे रुजू होण्याची तारीख आणि गाव यापलीकडे फारसं काही हलत नाही. सरकारी नोकरीत तर सेवानियमच. उलट तीस-चाळीस माणसांच्या लहान उद्योगात धोरण नावाचा कागदच नसतो. मालक म्हणतो, ‘घ्या हो रजा, आपलंच घर आहे.’ तिथे मागायला वाव सर्वात जास्त आणि धोकाही सर्वात जास्त. मालकाचा मुलगा धंद्यात आला की ते घर त्याचं होतं. अशा ठिकाणी मी परिशिष्टाचाही आग्रह धरत नाही, कारण मालकाला तो अविश्वास वाटतो. भेटीनंतर त्याच संध्याकाळी एक साधा मेल पाठवावा: आज आपलं असं ठरलं, काही राहिलं असल्यास कळवावं. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी नोंद राहते. मात्र रुजू होताना दिलेल्या पत्रात वरचं ‘संपूर्ण करार’वालं कलम आहे का, हे तिथेही बघावं.

आमच्या अभियंतेचं परिशिष्ट असं होतं: सहा दिवसांची आगाऊ रजा तारखांसह, ई-४ श्रेणी असेपर्यंत कॉम्प-ऑफ, महिन्याला एक शनिवार घरून, नोंदीतलं पदनाम, प्रशिक्षणाच्या अटी. ‘ई-४ श्रेणी असेपर्यंत’ हे तीन शब्द कंपनीने घातले, तिने ते वाचून मान्य केले. म्हणजे पहिल्या बढतीच्या वेळी, एम-१ समोर येईल तेव्हा, तिला पुन्हा वही काढून दिवस मोजावे लागणार आहेत, आणि तेव्हा पगारात किती वाढ मागायची याचा निम्मा हिशेब तिच्याकडे आधीच तयार आहे.